कथेत कोणता पाऊस पडतो?

गेल्या पावसाळ्यात एका कथालेखन शिबिरात एका तरुण लेखिकेची कथा माझ्याकडे वाचायला आली. कथा संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत घडते. आषाढातली संध्याकाळ आहे. लावणीसाठी माहेरी निघालेली नायिका शेवटच्या एसटीतून फाट्यावर उतरते आणि मळ्यांच्या कडेकडेनं वाडीकडे चालू लागते. वाटेत पऱ्ह्यावरचा साकव ओलांडायचा असतो. ती तिथं पोचते तेव्हा पाणी साकवाला लागलेलं असतं. पलीकडे पडवीत आई वाट बघत असते. मुलगी अलीकडे आणि आई पलीकडे, अशी ती रात्र जाते.

कथेची माणसं खरी होती, आईचं बोलणं तर कानात राहील असं होतं. पण सोळा पानांत ‘मुसळधार पाऊस’ सात वेळा आला होता. फाट्यावर मुसळधार, मळ्यात मुसळधार, साकवावर मुसळधार, पडवीतही मुसळधार. मी सातही ठिकाणी पेन्सिलीनं खूण केली आणि समासात एवढंच लिहिलं : कोणता पाऊस?

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “ताई, मुसळधारला दुसरा शब्द कोणता वापरू?” प्रश्न साधा होता, पण त्यात एक समजूत दडलेली होती. आपण धरून चालतो की पावसाचे शब्द म्हणजे एका शिडीच्या पायऱ्या आहेत. खाली भुरभुर, वर रिमझिम, मग सर, मग मुसळधार, सगळ्यात वर ढगफुटी. दर जूनला मोबाइलवर फिरणाऱ्या पावसाच्या शब्दांच्या याद्याही तशाच असतात. पण हे शब्द नुसतं ‘किती’ सांगत नाहीत. थेंब केवढा, पाऊस कुठून आला, किती वेळ राहिला, महिना कोणता आणि त्यात कोणतं काम होऊ शकतं, हे सगळं त्यांच्यात असतं. त्यामुळे शब्द चुकला तर कथेतला महिना चुकतो, आणि कधीकधी घटनाही चुकते. आम्ही दोघी मग ती कथा घेऊन दुपारभर बसलो.

सुरुवात फाट्यापासून केली. एसटी निघून जाते, नायिका पिशवी डोक्यावर धरून उभी राहते. मी विचारलं, रस्त्यावरच्या डबक्यात तिला काय दिसतं? लेखिका म्हणाली, काही नाही, पाणी नुसतं थरथरतंय. मग तो पाऊस मुसळधार नाही, ती भुरभुर आहे. हवामानशास्त्रात अर्ध्या मिलिमीटरहून लहान थेंबांचा पाऊस वेगळा मानतात, आणि तो ओळखण्याची जुनी खूण डबकं हीच आहे. एवढा बारीक थेंब सेकंदाला जेमतेम दोन मीटर या वेगानं उतरतो. तो पाण्यावर आपटत नाही, टेकतो. त्यामुळे ठळक वर्तुळं उठत नाहीत. दोन मिलिमीटरचा थेंब त्याच्या तिप्पट वेगानं येतो, आणि मग पाण्यावर वर्तुळांची गर्दी होते.

भुरभुर हा शब्द आपण कोशिंबिरीवर मीठ भुरभुरवताना वापरतो तोच. पडणं कमी आणि पसरणं जास्त. कोकणात आणि घाटात तो पडतो याचं कारण समुद्रावरून येणारी ओली हवा सह्याद्रीला अडून वर चढते आणि ढग अगदी खाली उतरतात. ढग इतका खाली असला की थेंबाला मोठं व्हायला अंतरच मिळत नाही. आंबोलीत किंवा माथेरानला माणूस ढगाच्या आतच उभा असतो आणि केसांवर बारीक मोती जमतात, तीच ही भुरभुर. देशावर हाच प्रकार बुरंगाट म्हणून ओळखला जातो.

इथं लेखिकेनं रिमझिम सुचवला. मी नको म्हटलं. रिमझिम आणि रिपरिप यांत पाणी जवळजवळ सारखंच असतं, फरक पाहणाऱ्याच्या मनात असतो. रिमझिम खिडकीतून ऐकतात. रिपरिप अंगावर घेऊन चालावी लागते, पायाखाली चिखल असतो, कपडे तीन दिवस वाळलेले नसतात. पिरपिर तर लहान मुलाच्या रडण्यासाठी वापरायचा शब्द, तो पावसाला लावला की बोलणाऱ्याचा वैताग आपोआप येतो. दिवसभराच्या प्रवासानं दमलेल्या, घरच्या ओढीनं निघालेल्या बाईच्या अंगावर रिमझिम पडू शकत नाही. तिथं भुरभुर ठेवली, आणि पुढच्या परिच्छेदात रिपरिप.

मग मळे आले. मूळ कथेत मुसळधार पावसात बायका ओळीनं लावणी करत होत्या. माझं आजोळ त्याच भागातलं, म्हणून इथं मला अडखळायला झालं. लावणीला पाऊस हवा, भरपूर हवा. चिखलणी झालेल्या मळ्यात पाणी उभं पाहिजे. पण नुकतं रोवलेलं रोप चिखलात नुसतं टेकलेलं असतं. त्यावर तासभर धारा कोसळल्या की मळा तुडुंब भरतो, रोपं सुटून तरंगायला लागतात आणि मेर फुटली तर पाण्याबरोबर निघून जातात. अशा वेळी बायका लावणी थांबवतात आणि पुरुष फावडं घेऊन पाणी काढून द्यायला धावतात. लावणी चालते ती सरींवर. सर येते, अंगावरून जाते, जरा उजळतं, पुन्हा काळोखून येतं, दुसरी सर येते. पूर्वी बायका पाठीवर इरलं घेऊन वाकायच्या, आता प्लास्टिकचा कागद असतो. माझे मामा ओटीवर बसून सर मोजायचे. ‘ही पाचवी’ म्हणायचे, आणि पाचवी गेली की चहा सांगायचे.

सर म्हणजे सुरुवात आणि शेवट असलेला पाऊस. ती लांबून दिसते, शेजारच्या डोंगरावरून पुढे सरकताना दिसते, कौलांवर तिचा आवाज आधी पलीकडच्या घरावर आणि मग आपल्या घरावर येतो. संततधारेला असा काठ नसतो. म्हणून ‘सर आली’ म्हणतात आणि ‘संततधार लागली’ म्हणतात. मराठीत पावसाची अर्धी माहिती क्रियापदात असते. पाऊस येतो, लागतो, धरतो, कोसळतो, झोडपतो, ओसरतो, उघडतो, ओढ देतो, दडी मारतो. ‘पाऊस धरलाय’ म्हणणाऱ्या माणसाला पाऊस आता सुटत नाही, एवढंच नव्हे तर आपली कामं खोळंबलीत हेही सांगायचं असतं. लेखिकेच्या कथेत सगळीकडे पाऊस ‘पडत होता’. आम्ही त्यातली चार क्रियापदं बदलली आणि विशेषणांची गरजच संपली.

पाऊस हा शब्दसुद्धा मुळात पाण्याचा नाही, ऋतूचा आहे. संस्कृतात प्रावृष् म्हणजे वर्षाकाळ. प्राकृतात त्याचं पाउस झालं आणि तेच मराठीत आलं. शेतकऱ्याच्या बोलण्यात पाऊस अजूनही काळाशी बांधलेला आहे तो नक्षत्रांनी. सूर्य वर्षभरात सत्तावीस नक्षत्रांतून जातो, म्हणजे एका नक्षत्रात साधारण साडेतेरा दिवस. जूनच्या ७-८ तारखेला मृग लागतो, २१-२२ जूनला आर्द्रा, जुलैच्या ५-६ तारखेला पुनर्वसू आणि १९-२० जुलैला पुष्य. यातल्या पुनर्वसूच्या पावसाला तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. सप्टेंबरच्या शेवटी हस्त येतो, त्याला लोक हत्ती म्हणतात, आणि भोंडल्यात पाटावर हत्ती काढून मुली त्याच्याभोवती फेर धरतात. नक्षत्र लागलं म्हणजे पाऊस येईलच असं नाही, ढगांना पंचांग बांधून ठेवत नाही. पण दोन आठवड्यांचा एकेक तुकडा पाडून त्याला नाव दिल्यामुळे कोणत्या तुकड्यात पाऊस आला आणि कोणत्यात राहिला, हे माणसांच्या लक्षात राहतं. कथेतली संध्याकाळ जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातली होती, म्हणजे पुनर्वसूची. लेखिकेनं आईच्या तोंडी ‘तरणा पाऊस आहे, भरवसा नाही’ हे वाक्य घातलं, आणि तारीख न लिहिता तारीख कळली.

ज्या चुकीची किंमत खरोखर मोजावी लागते ती वळिवाची. लेखिकेच्या पहिल्या मसुद्यात आषाढातल्या त्या संध्याकाळी विजा कडाडतात, धूळ उडते आणि टपोरे थेंब पडू लागतात. हे वर्णन सुंदर होतं, पण ते वैशाख-ज्येष्ठातलं होतं. वळीव तापलेल्या जमिनीवरच्या उंच ढगातून येतो. ढगात हवा जोरानं वर जात असते, ती थेंबांना लवकर खाली येऊ देत नाही, त्यामुळे ते एकमेकांना मिळत चार-पाच मिलिमीटरचे होतात. खाली कोरडी गरम हवा असते, तिच्यातून येताना बारीक थेंब वाटेतच वाळतात. शिवाय मोठा थेंब वेगानं येतो. म्हणून वळिवात आधी टपोरे थेंब लांब लांब पडतात, मातीत खळगे करतात, आणि मग सर कोसळते. आषाढात जमीन भिजलेली असते, हवा दमट असते, धूळ उडत नाही, आणि विजाही क्वचितच होतात.

कथेत ही चूक एका ओळीत दुरुस्त होते. शेतात ती तशी होत नाही. मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला दोन वळीव चांगले झाले की वाटतं, लागला पाऊस. बी टाकलं जातं, वीतभर खाली माती कोरडीच असते, मग पंधरा दिवस पाऊस ओढ देतो, उगवलेला अंकुर करपतो आणि दुबार पेरणी करावी लागते. म्हणून कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं दरवर्षी सांगतो. जाणता शेतकरी आकड्याबरोबर पावसाची जातही बघतो. वळीव बहुधा दुपारनंतर येतो, कुठल्याही दिशेनं येतो, वाऱ्यावावटळीसह येतो, आणि एका गावात पडून शेजारचं गाव कोरडं ठेवतो. मोसमी पाऊस नैऋत्येकडून येतो, ढग खाली असतात, रात्री-अपरात्रीही पडतो आणि सगळ्या शिवारावर सारखा पडतो. शेवटचा पुरावा मातीत असतो : खुरप्यानं उकरून ओल किती खोल गेली ते पाहायचं.

ओल खोल न्यायला भीज पाऊस लागतो. हा शब्द मला सगळ्यांत आवडतो, कारण तो पावसाचं वर्णन जमिनीच्या बाजूनं करतो. काळी भारी जमीन एकदा भिजली की तासाला थोडेच मिलिमीटर पाणी आत घेते. समजा, २५ मिलिमीटर पाऊस झाला. तो आठ-दहा तासांत सावकाश झाला तर बहुतेक जिरतो. तोच अर्ध्या तासात कोसळला तर थोडा जिरतो, बाकीचा माती घेऊन ओढ्याला जातो. पर्जन्यमापकात दोन्ही दिवशी आकडा एकच दिसेल. भीज पाऊस आणि झोडपून गेलेला पाऊस हा फरक तिथं उमटत नाही, तो फक्त भाषेत उमटतो. विदर्भात तीन-चार दिवस सूर्य न दाखवणारी झड लागते. बंगालच्या उपसागरातून कमी दाबाचं क्षेत्र संथपणे सरकत येतं तेव्हा तिथं ती हमखास लागते. दिवसाचा आकडा मोठा नसला तरी मातीच्या भिंती फुगून खचतात त्या या झडीत.

इथंच मुसळधार या शब्दाची अडचण कळते. मुसळ म्हणजे उखळात कांडायचं जाड दांडकं. धारा इतक्या जाड की मुसळासारख्या, असं ते चित्र आहे. त्या क्षणी डोळ्यांना काय दिसतं, ते सांगणारा हा शब्द. आता तो हवामानाच्या अंदाजातही आला आहे, आणि तिथं तो दिवसाचा हिशेब सांगतो. भारतीय हवामान विभाग सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा पाऊस मोजतो, ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर झाला तर मराठी बातम्यांत त्याला मुसळधार म्हणतात, त्यापुढे २०४.४ पर्यंत अतिमुसळधार. जुलैमधल्या कोकणात सत्तर मिलिमीटर दिवसभर रिपरिपून सहज होतात, त्यात एकही धार मुसळासारखी नसते. माण-खटावमध्ये वर्षाचा पाऊसच पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो, तिथं एका दिवसात सत्तर झाले तर बांध फुटतात. महसूल खात्याची अतिवृष्टीही अशीच ठरलेली आहे : मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस. पिकाच्या भरपाईचा पंचनामा त्या आकड्यावर अवलंबून असतो. मंडळाच्या केंद्रावर ६० मिलिमीटर नोंदले गेले आणि चार कोसांवरच्या शिवारात तासाभरात त्याहून जास्त कोसळलं, तर तिथल्या शेतकऱ्याच्या तोंडी अतिवृष्टी असते आणि कागदावर नसते.

पाऊस किती जवळजवळच्या अंतरात बदलतो याचा सर्वांत मोठा दाखला मुंबईचा आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यातला बहुतेक दुपारनंतरच्या काही तासांत. त्याच शहरात, त्याच २४ तासांत, कुलाब्याला झाला ७३ मिलिमीटर. अंदाजाच्या भाषेत कुलाब्याचा पाऊसही मुसळधारच होता. उपनगरांत लोक गाड्यांत अडकले, घरं बुडाली, शेकडो माणसं गेली. ढगफुटी हा शब्द त्या दिवसानंतर घरोघरी पोचला. एका तासात १०० मिलिमीटर, तोही वीस-तीस चौरस किलोमीटरच्या छोट्या भागात, असा त्याचा नेमका अर्थ आहे. आपण मात्र कुठल्याही जोराच्या पावसाला ढगफुटी म्हणू लागलो, हे मला बरं वाटत नाही. मुंबईकरांनी त्या पावसासाठी वेगळा शब्द शोधला नाही. ते आजही नुसतं ‘सव्वीस जुलै’ म्हणतात.

संध्याकाळ होत आली तेव्हा आम्ही साकवापाशी पोचलो. इथं लेखिका हटून बसली. “इथं तरी मुसळधार हवाच ना? नाहीतर पाणी वाढणार कसं?”

मी तिला विचारलं, पऱ्ह्यात पाणी कुठून येतं? साकवावर पडलेल्या पावसाचं नसतं ते. कोकणात सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांत सरळ रेषेत सुमारे पन्नास किलोमीटरचं अंतर, आणि पहिला मोठा उतार कड्यालगतच. वर डोंगरात पाच चौरस किलोमीटरच्या पाणलोटावर १०० मिलिमीटर पाऊस झाला असं धरू. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर. या हिशेबानं ५० कोटी लिटर पाणी होतं. आषाढात जमीन आधीच भिजून गच्च झालेली असते, त्यामुळे त्यातलं बरंचसं पाणी तास-दोन तासांत एकाच अरुंद पऱ्ह्यातून खाली येतं. खाली साकवावर त्या वेळी भुरभुर असू शकते. चक्क उघडीपही असू शकते. पाण्यात वाहून जाणारी माणसं कितीदा तरी अशाच वेळी फसतात, कारण डोक्यावर पाऊस नसतो.

ओळखायची खूण पाण्यात असते. आधी पाण्याचा रंग फिरतो, नितळ असलेलं लाल गढूळ होतं. मग सुकी पानं, काटक्या, फेस यायला लागतो. मग आवाज बदलतो. खळखळ जाऊन दगड लोटल्याची घरघर येते. एवढं दिसलं की माणूस मागं फिरतो. मामा तर डोंगराच्या माथ्याकडे बघूनच सांगायचे, ‘वर काळं आहे, आज साकव नको.’

लेखिका बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं तो प्रसंग पुन्हा लिहिला. नायिका भुरभुरीत साकवाशी येते. पाऊस जवळजवळ नाहीच. पलीकडे आई पडवीतला झाप बाजूला करून बॅटरी हलवते आहे, तिचा आवाजही ऐकू येतो. एक पाय लाकडावर ठेवल्यावर मुलीला खालचं पाणी लाल दिसतं. ती पाय मागं घेते. आई आणि मुलगी एकमेकींना पाहू शकतात, हाका मारू शकतात, आणि तरी भेटू शकत नाहीत. धो धो पावसात हे घडलंच नसतं; कौलांच्या आणि पाण्याच्या गदारोळात हाक पोचली नसती आणि बॅटरीही दिसली नसती. जिच्यासाठी कथा लिहिली होती ती रात्र भुरभुरीनंच मिळवून दिली.

कथा पुढे एका दिवाळी अंकात छापून आली. तिच्यात मुसळधार हा शब्द आता एकदाच येतो : एसटीत पुढच्या बाकावर बसलेल्या माणसाच्या मोबाइलवर लागलेल्या बातम्यांत.